एका माणसाला किती चॅट? मोबाईल स्टार्टरच्या सपोर्ट डेस्कवरचं एक प्रकरण

कुपवाड एमआयडीसीत एक कंपनी आहे, नाव नको घेऊया, शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवते. म्हणजे विहिरीवर नाहीतर बोअरवर जो पॅनल असतो त्यात बसणारं एक सिमवालं डबडं, घरी बसून फोनवरून मोटर चालू-बंद करायची, लाईट आली की मेसेज येतो, एखादा फेज गेला की मोटर आपोआप बंद, बोअरचं पाणी तुटलं की बंद. मळा घरापासून चार किलोमीटर आणि तीन फेज लाईट रात्री, अशी परिस्थिती असलेल्या माणसाला हे डबडं म्हणजे झोप मिळणं आहे. त्यामुळं ते बंद पडलं की माणूस वैतागतो, आणि तो वैताग थेट आमच्या चॅटवर येतो. मी तिथं चॅटची क्वालिटी बघतो, म्हणजे झालेल्या चॅट वाचायच्या आणि कुठं काय चुकलं ते काढायचं.

डेस्कवर एका शिफ्टला पाच जण. चॅटच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग असतं, एका माणसाला एका वेळी जास्तीत जास्त किती चॅट द्यायच्या. आमच्याकडं ते बरेच दिवस तीनवर होतं. कुणी विचार करून ठेवलं होतं असं काही नाही, आधीच्या मॅनेजरनं ठेवलं होतं म्हणून होतं.

ऑक्टोबर आला आणि ते पाच झालं.

कारण साधं होतं. पावसाळ्यात स्टार्टर पडून असतात, कुणाला पाणी द्यायचं नसतं. त्या काळात सिमचा रिचार्ज संपतो, कुणाचं सिमच बंद पडतं, पॅनलमध्ये ओल शिरते, उंदरं वायरी कुरतडतात. मग तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षाची फळछाटणी सुरू होते, तिकडं रब्बीची पेरणी, आणि सगळे एकाच आठवड्यात मोटर चालू करायला जातात. चॅटची रांग लागते. मालक म्हणाले, पोरं एका चॅटला उत्तर देऊन समोरच्याची वाट बघत बसतात, मी स्वतः मागं उभं राहून बघितलंय, मग त्या वेळात अजून दोन चॅट का घेऊ नयेत? ऐकायला बरोबर वाटतं. नवीन माणूस घ्यायचा म्हणजे पगार आला, ट्रेनिंग आलं, आणि हे तर फक्त एक आकडा बदलायचं काम.

पहिले काही दिवस डॅशबोर्ड मस्त दिसत होता. रांग कमी झाली. पहिल्या उत्तराचा वेळ कमी झाला. मार्क देणाऱ्यांचे मार्क होते तसेच. त्यामुळं आकडा पाचवरच राहिला.

आता ते डॅशबोर्डचे आकडे का फसवत होते ते सांगतो, कारण हे मला बऱ्याच ठिकाणी दिसलंय. पहिलं उत्तर म्हणजे "नमस्कार, मी तुमची काय मदत करू शकते", ते तयार वाक्य असतं, एक बटण दाबलं की जातं, त्याला डोकं लागत नाही. चॅट लवकर उचलली गेली की रांग कमी दिसते, पण माणूस रांगेतून उठून आत येऊन बसला एवढंच झालं, वाट तो आत बसूनही बघतोच. मार्क कोण देतं तर ज्याचं काम झालंय आणि जो शेवटपर्यंत थांबलाय तो, वैतागून निघून गेलेला माणूस स्टार कशाला देत बसेल. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे "बघून सांगते दादा". हे तीन शब्द पाठवले की सॉफ्टवेअरच्या हिशोबात उत्तर दिलं गेलं, घड्याळ परत शून्यावर. पाच चॅट झाल्यापासून या तीन शब्दांचा पाऊस पडायला लागला होता आणि सरासरी उत्तराचा वेळ त्यामुळं छान दिसत होता.

मग ती मोटर जळाली.

हे जरा नीट सांगायला पाहिजे. आमच्या स्टार्टरमध्ये करंट शिकवायची सोय आहे. मोटर पूर्ण पाण्यावर चालू असताना बटण दाबून धरायचं, स्टार्टर त्या वेळचा करंट लक्षात ठेवतो, हा आपला नॉर्मल. नंतर करंट त्याच्या बराच खाली गेला तर तो समजतो पाणी तुटलं, मोटर कोरडी फिरतीय, बंद कर. बराच वर गेला तर ओव्हरलोड, बंद कर. अट एकच, शिकवताना मोटर खरोखर भरपूर पाणी ओढत असली पाहिजे. पाणी कमी असताना शिकवलंत तर तो कमी करंटलाच नॉर्मल समजणार, मग खरं पाणी तुटेल तेव्हा त्याला काही वेगळं वाटणारच नाही.

त्या दिवशी सकाळी आमच्या एका मुलीकडं पाच चॅट होत्या, मुलगी हुशार, डेस्कवरची सगळ्यात जुनी. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. एक कृष्णाकाठचे काका, त्यांनी साडेसातची मोटर काढून दहाची बसवली होती आणि स्टार्टर ओव्हरलोड दाखवून बंद करत होता. बरोबरच आहे, त्याला जुन्या मोटरचा करंट माहीत. त्यांना उत्तर पाहिजे होतं, मोटर चालू करा आणि करंट परत शिकवा. दुसरे जत भागातले दादा, बोअरवर सबमर्सिबल, मोटर दहा-बारा मिनिटं चालते आणि ड्राय रन दाखवून बंद पडते. त्यांना उत्तर पाहिजे होतं, बोअरचं पाणी खाली गेलंय, स्टार्टर बरोबर सांगतोय, थोडं थांबून चालवा, टायमर लावा. दोघांचीही तक्रार "सारखी बंद पडते", दोघंही पॅनलपाशी उभे, दोघांची प्रोफाईल म्हणजे फोटो नाही, नुसता नंबर.

चॅट वाचल्यावर सगळं दिसतं. जतच्या दादांनी लिहिलं, "मॅडम परत बंद पडली". तिनं लिहिलं, "दादा मोटर चालू करा, चालू असताना बटण दाबून धरा, लाईट लुकलुकली की सोडा". दादांनी ते केलं. "झालं मॅडम, आता बंद पडत नाही". तिनं थम्स अप पाठवला, चॅट बंद केली, पाच स्टार मिळाले. खरंच पाच स्टार! कृष्णाकाठच्या काकांना त्याच मिनिटाला विचारलं होतं, "बोअर किती फुटाचा आहे?" काका म्हणाले, "बोअर नाही, नदीवर आहे, मगाशीच सांगितलं".

दादांची मोटर त्यानंतर बंद पडली नाही हे खरं. पाणी तुटलं तरी चालूच राहिली. सबमर्सिबलला थंड ठेवणारं पाणीच असतं, ते नसलं की वाइंडिंग तापतं आणि जातं. दोन दिवसांनी दादांचा फोन आला तो थेट मालकांना. मोटर बोअरमधून वर ओढायची, रिवायंडिंग करायचं, परत सोडायची, सगळा खर्च कंपनीनं दिला. मुलीला कुणी काही बोललं नाही, पण ती आठवडाभर प्रत्येक चॅटमध्ये दोनदोनदा विचारायची, तुमची बोअरच ना, तुमची बोअरच ना.

मालकांचं पहिलं म्हणणं होतं की लक्ष द्यायला पाहिजे होतं. हे म्हणणं चूक नाही पण त्यातून पुढं काही निघत नाही. मला हे बघायचं होतं की हे एकदाच झालं का आणि लक्ष नेमकं कुठल्या आकड्याला सुटतं.

म्हणून जुन्या चॅट काढल्या आणि प्रत्येक उत्तराच्या वेळी त्या माणसाकडं किती चॅट उघड्या होत्या ते शेजारी लिहिलं. मग तो रकाना झाकून चॅट वाचायला दिल्या, एक मी आणि एक आमच्या सर्व्हिस विभागातला वायरमन, ज्याला चॅटमधलं काही कळत नाही पण पॅनलमधलं सगळं कळतं. झाकणं महत्त्वाचं आहे, नाहीतर पाच दिसले की आपण मुद्दाम चुका शोधतो. प्रत्येक चॅटला फक्त तीन प्रश्न विचारायचे: आधी सांगितलेलं परत विचारलं का, उत्तर अर्धवट दिलं का, उत्तर चुकीचं दिलं का.

रकाना उघडला तेव्हा जे दिसलं त्यात एक क्रम होता. दोन चॅटवर तिन्ही गोष्टी क्वचित. तीनवर सांगितलेलं परत विचारायला सुरुवात होते, पण उत्तरं बरोबर असतात. चारवर तयार वाक्यं वाढतात, प्रश्नाला नुसता लगटून जाणारा मजकूर चिकटवलेला असतो, म्हणजे शेतकरी विचारतोय सिम कुठल्या खाचेत घालू आणि त्याला रिचार्जची माहिती जाते. पाचवर चुकीची उत्तरं. म्हणजे क्वालिटी एकदम पडत नाही, आधी वाचणं सुटतं, मग विचार करणं सुटतं, शेवटी एकाचं उत्तर दुसऱ्याच माणसाला जातं. म्हणून मी टीम लीडला सांगितलं की चुकीच्या उत्तरांची वाट बघू नका, "मगाशीच सांगितलं" हे वाक्य शोधा. सर्चमध्ये "मगाशी", "वर लिहिलंय", "हॅलो", "आहे का कोणी" असे शब्द टाका, ते ज्या तासाला वाढले त्या तासाला माणसांवर जास्त चॅट आहेत असं समजा. हे डॅशबोर्डपेक्षा बरं चालतं.

आता मालकांच्या मूळ मुद्द्याकडं येऊ, की पोरं रिकामी बसतात. ते खोटं नव्हतं. एका चॅटमध्ये आपण उत्तर लिहितो, पाठवतो, मग समोरचा वाचतो, काहीतरी करतो, लिहितो. आपलं काम आणि त्याची वाट, असं एक चक्र. त्याची वाट चालू आहे तोवर आपण दुसऱ्यांना उत्तर देऊ शकतो, म्हणूनच तर चॅटवर एक माणूस एकापेक्षा जास्त लोक सांभाळू शकतो आणि फोनवर नाही. मग किती? हिशोब एवढाच:

```
चॅटची मर्यादा = (आपलं काम + समोरच्याची वाट) ÷ आपलं काम
```

गोल आकडे घेऊ. साध्या चॅटमध्ये, म्हणजे रिचार्ज, ॲपचा पासवर्ड, वॉरंटी, डीलरचा पत्ता, एका उत्तराला समजा ४० सेकंद लागतात आणि समोरचा ८० सेकंदांनी परत लिहितो. १२० भागिले ४०, तीन. तीन चॅटला माणूस पूर्ण भरलेला आहे, एक सेकंद मोकळा नाही.

मग पाच दिल्या तर काय होतं? पाचांना एकेक उत्तर द्यायला ५ गुणिले ४०, म्हणजे २०० सेकंद. त्यातले ८० समोरच्याचे स्वतःचे, उरलेले १२० सेकंद तो आपल्या उत्तराची वाट बघतो. आधी ४० बघायचा. आणि आपण किती उत्तरं दिली? तीनवरही मिनिटाला दीड, पाचवरही मिनिटाला दीड. एकही जास्त नाही. माणसाच्या हाताचा वेग तोच आहे, फक्त वाट बघणारे वाढले.

हा हिशोब काही चॅटवाल्यांनी शोधलेला नाही. विट्याला जा, यंत्रमागावर एक कामगार किती माग सांभाळतो हा प्रश्न तिथं रोजचा आहे. धागा तुटला की माग थांबतो, कामगार जाऊन जोडतो, तेवढ्यात दुसरा थांबतो. माग वाढवत नेले की एका आकड्यानंतर कापड वाढत नाही, नुसते थांबलेले माग वाढतात. स्वीडनच्या कॉनी पाम यांनी १९४७ मध्ये एक माणूस किती ऑटोमॅटिक मशिनी सांभाळू शकतो याचं गणित मांडलं ते याच जातीचं आहे. फरक इतकाच की तुटलेला माग गप्प उभा राहतो आणि चॅटवरचा माणूस गप्प राहत नाही. तो दोन मिनिटांनी "हॅलो" पाठवतो, मग "??" पाठवतो, मग दुसऱ्या नंबरवरून नवीन चॅट उघडतो, आणि हे सगळं वाचायलाही आपलाच वेळ जातो.

म्हणजे ४० सेकंद हे ४० राहतच नाहीत. दुसऱ्या चॅटमधून परत आलं की वर सरकवून बघावं लागतं, हे कोण, आपण काय सांगितलं होतं, मोटर किती एचपीची. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडं वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. चॅटमध्ये तर प्रत्येक काम अर्धवटच टाकलेलं असतं, दर मिनिटाला.

समजा त्यामुळं ४० चे ५० झाले, यापेक्षा जास्त धरत नाही. पाच चॅटचं चक्र २५० सेकंदांचं झालं. मिनिटाला दीड उत्तरं जात होती ती १.२ वर आली. दहा उत्तरांत संपणारी चॅट तीनवर २० मिनिटांत संपायची, पाचवर साधारण ४२ मिनिटं घेते. तासाला किती चॅट पूर्ण झाल्या? तीनवर नऊ, पाचवर सातच्या थोड्या वर. जास्त चॅट दिल्या आणि कमी चॅट संपल्या! हे गणित मी मालकांसमोर वहीवर मांडलं तेव्हा ते बराच वेळ त्या सातकडं बघत होते, मग म्हणाले हे परत करून दाखवा. परत केलं, सातच आले.

पण पुढचा मुद्दा त्यांनी काढला आणि तो चांगला होता. ते म्हणाले, मोटरवाल्या चॅटमध्ये समोरचा माणूस पॅनल उघडतो, लाईट बघतो, विहिरीकडं चालत जातो, तिथं वाट तर खूप मोठी आहे, मग तिथं जास्त चॅट चालायला पाहिजेत की. आकड्यात ते बरोबर दिसतं. आपलं काम दीड मिनिट, त्याची वाट साडेचार मिनिटं धरा, सहा भागिले दीड, चार. साध्या चॅट तीन आणि अवघड चॅट चार? इथं सूत्र सरळ खोटं बोलतं, आणि का बोलतं हे कळणं हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं.

एक कारण म्हणजे साडेचार मिनिटांनी परत आलं की काही आठवत नाही. पासवर्डच्या चॅटमध्ये आठवायला काही नसतंच, शेवटचा मेसेज वाचला की पुरे. मोटरच्या चॅटमध्ये पॅनलवर कुठला लाईट होता, व्होल्टेज किती सांगितलं, आपण आधी काय काढून टाकलं, हे सगळं परत डोक्यात भरावं लागतं. दीड मिनिटाचं काम अडीच मिनिटांचं होतं, आणि मग सात भागिले अडीच, म्हणजे तीनसुद्धा पूर्ण नाहीत. लांब वाट ही फुकटची मोकळीक वाटते पण तिची किंमत परत वाचण्यात जाते.

दुसरं म्हणजे ही वाट सारखी नसते. सरासरी साडेचार मिनिटं असेल, पण एक जण एका मिनिटात येतो आणि एक जण वीस मिनिटांनी, आणि आमच्याकडं तर सगळे एकदम येतात. फीडरवर लाईट आली की त्या फीडरवरचे सगळे पॅनल एकदम जिवंत होतात, सगळ्यांचे "आता लाल लाईट लागली" एकाच मिनिटात. चार चॅट नीट अंतराने येतील असं सूत्र समजतं, महावितरण तसं समजत नाही.

आणि तिसरं, ज्याला मी सगळ्यात जास्त वजन देतो, म्हणजे आपल्या उत्तराची वाट बघण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. पासवर्डवाला माणूस घरी चहा पीत बसलाय, दोन मिनिटं गेली तर गेली. पॅनलवाला माणूस बॅटरी तोंडात धरून उभा आहे, तीन फेज लाईट अजून दोन तास आहे, उसाला पाणी द्यायचंय. तो तीन मिनिटं थांबणार नाही, तो स्वतःच काहीतरी करून बघणार, वायर हलवणार, स्टार्टर बायपास करून मोटर डायरेक्ट जोडणार. मग आपण उत्तर देतो ते पाच मिनिटांपूर्वीच्या परिस्थितीचं, आणि समोर परिस्थिती वेगळीच असते. अशा काही चॅट मी वाचल्यात, एजंटचं प्रत्येक वाक्य बरोबर आणि तरी सल्ला चुकीचा, कारण मधल्या काळात शेतकऱ्यानं वायरी बदललेल्या.

तर मग बदललं काय. सगळ्यांना एकच आकडा ठेवायचा नाही हे ठरलं. प्रत्येक माणसाला चारचं माप दिलं. साधी चॅट एक धरायची, पॅनलपाशी उभ्या माणसाची चॅट दोन. म्हणजे पॅनलवाल्या दोन, किंवा पॅनलवाली एक आणि साध्या दोन, यावर भरलं. नुसत्या साध्या असतील तर चार होऊ शकतात पण टीम लीडनं ते तीनवर अडवलं आणि चौथी फक्त रांग दहाच्या वर गेली तर, तेही जुन्या माणसांनाच. नव्या पोरांना माप दोनचं, म्हणजे पॅनलवाली एकच, कारण त्यांना एका उत्तराला दुप्पट वेळ लागतो आणि सूत्रात तो वेळ खाली बसलेला आहे.

साधी की पॅनलवाली हे ठरवायचं कसं, तिथं थोडा घोळ झाला. आधी चॅट सुरू व्हायच्या आधी पर्याय दिले होते, "रिचार्ज", "ॲप", "मोटर". लोक पहिलं दिसेल ते दाबतात. निम्मे मोटरवाले रिचार्जमधून आत यायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांना तरी कसं माहीत असणार, मोटर चालू होत नाही याचं कारण रिचार्जही असू शकतं. मग पर्याय काढून टाकला आणि एकच प्रश्न ठेवला, "तुम्ही आत्ता मोटरपाशी आहात का?" याचं उत्तर कुणी चुकवत नाही. आणि मध्येच चॅटचं रूप बदललं तर एजंटनं एका क्लिकवर एकची दोन करायची, परवानगी न विचारता. पोरं याचा गैरफायदा घेतील अशी भीती होती, थोडा घेतलाही असेल, पण चॅट वाचणारा मी बसलोय म्हटल्यावर फार नाही.

दुसरा बदल लहान होता पण मला वाटतं त्याचा उपयोग जास्त झाला. दोन नवीन चॅट एका माणसाला लागोपाठ द्यायच्या नाहीत, मध्ये दोन मिनिटांचं अंतर. चॅटची सुरुवात सगळ्यात जड असते, तेव्हाच नाव, मॉडेल, एचपी, तक्रार सगळं समजून घ्यायचं असतं. तीन चॅट एकदम सुरू झाल्या तर तीनही डोक्यात कच्च्या बसतात आणि पुढं शेवटपर्यंत कच्च्याच राहतात. जतच्या दादांची आणि कृष्णाकाठच्या काकांची चॅट एका मिनिटाच्या आत सुरू झाली होती, हे नंतर लॉगमध्ये दिसलं.

आणि चॅटच्या वरच्या पट्टीत एजंटनं स्वतः एक ओळ लिहून ठेवायची, "जत, बोअर, ५ एचपी, ड्राय रन" एवढीच. दुसऱ्या चॅटमधून परत आलं की ती ओळ वाचायची, सगळी चॅट नाही. करंट शिकवायला सांगायच्या आधी तर ती ओळ समोरच्याला परत वाचून दाखवायची, "दादा तुमची पाचची बोअर, ड्राय रन दाखवतीय, बरोबर?" मोटर जाळू शकणाऱ्या दोन-तीन सूचना आहेत, त्यांच्यासाठीच हा नियम, नाहीतर प्रत्येक वाक्याला विचारत बसलं तर परत वेळ तिथंच.

गप्प झालेल्या चॅटचाही प्रश्न होता. माणूस "बघतो" म्हणून विहिरीकडं गेला तो आलाच नाही, चॅट उघडी, माप भरलेलं, आणि एजंट खरंच रिकामा. मालकांनी मागं उभं राहून जे रिकामं बसणं बघितलं होतं त्यात याच चॅट बऱ्याच होत्या, त्यामुळं त्यांचंही सगळं चुकलं नव्हतं. आता दहा मिनिटं काही आलं नाही की चॅट बाजूला जाते, माप मोकळं होतं, माणूस परत आला की शक्यतो त्याच एजंटकडं. आणि पॅनलवाली चॅट पाच-सहा उत्तरांत सुटली नाही तर सरळ फोन लावायचा. दहा मिनिटं फोनवर एकट्याला दिलेली बरी, चाळीस मिनिटं चॅटवर तुकड्यातुकड्यानं देण्यापेक्षा. फोन चालू असताना मात्र त्या एजंटचं माप पूर्ण भरलं धरायचं, फोन कानाला लावून चॅट टाईप करणं हे कुणालाच जमत नाही, जमतं म्हणणाऱ्यांच्या चॅट मी वाचल्यात.

रांग वाढली का? हो, वाढली. पहिल्या उत्तराचा वेळ वाढला आणि डॅशबोर्डवर तो लाल झाला. मालक दोनदा खाली येऊन बघून गेले. पण त्याच आठवड्यात चॅट संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून परत येणाऱ्या चॅट कमी व्हायला लागल्या, आणि रांगेतला बराचसा भाग या परत येणाऱ्यांचाच होता हे तेव्हा कळलं. रांगेत उभ्या माणसाला आता खरं सांगतो, "तुमच्या पुढं सहा जण आहेत, घाई असेल तर नंबर द्या, आम्ही फोन करू". बरेच जण नंबर देतात आणि मोटरकडं जातात.

जिथं मापानं काही झालं नाही ती जागा म्हणजे लाईट बदलायची वेळ. सकाळी फीडर चालू होतो त्या अर्ध्या तासात माणसंच कमी पडतात, तिथं चारचं माप पाच करा नाहीतर तीन, फरक नाही. त्यासाठी शिफ्टच बदलली, दोन जणांना एक तास लवकर बोलावलं आणि दुपारी लवकर सोडलं. महावितरणचं वेळापत्रक बदललं की आमचंही बदलतं, टीम लीडच्या टेबलावर ते चिकटवलेलं असतं.

अजून भांडण चालू आहे ते फोटोवरून. शेतकरी हल्ली लिहीत नाहीत, पॅनलचा फोटो टाकतात, कधी व्हॉइस मेसेज. फोटोमुळं समोरच्याची वाट कमी होते आणि आपलं काम वाढतं, कारण धुरकट फोटोत कुठला लाईट लागलाय ते मोठं करून बघावं लागतं, आणि दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोन मिनिटंच घेतो, तो नजर टाकून वाचता येत नाही. टीम लीड म्हणते व्हॉइसवाली चॅट तीन धरा. मालक म्हणतात मग फोनच लावा की. मी सध्या व्हॉइसवाल्या चॅट वेगळ्या काढून त्यांचा कामाचा वेळ मोजतोय, तोही शांत दुपारी, जेव्हा एजंटकडं दुसरी चॅट उघडी नसते, कारण गर्दीत मोजलेला वेळ हा कामाचा नसतो, त्यात बाकीच्या चॅटची वाट मिसळलेली असते.